व्यवस्थापकीय अर्थशास्त्र, सराव चाचणी ३: लवचिकता, मक्तेदारी, अल्पाधिकार

एमबीए, सत्र १. वेळ २५ मिनिटे, गुण २०. कॅल्क्युलेटर चालेल, मोबाइल बॅगेत ठेवा. आकडेमोड न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर निम्मेच गुण.

प्र. १ (४ गुण) मिसळ ८० रुपयांना होती तेव्हा दिवसाला २२० प्लेटी खपायच्या. भाव १०० केल्यावर १८० खपतात. "गिऱ्हाईक तुटलं, भाव उतरवू," असं मालकाचा मुलगा म्हणतो. मध्यबिंदू पद्धतीने लवचिकता काढा. प्लेटीमागे ३५ रुपये खर्च असेल, तर मुलाचं ऐकावं का?

प्र. २ (२ गुण) चूक की बरोबर? एका वाक्यात कारण द्या. "मागणीरेषा सरळ असेल, तर तिच्यावर सगळीकडे लवचिकता सारखीच असते."

प्र. ३ (५ गुण) डोंगरावरच्या देवळाला जायला एकच खासगी रोपवे आहे. मागणी `P = 100 - 2Q` (P म्हणजे भाडं रुपयांत, Q म्हणजे रोजचे प्रवासी शेकड्यांत). दर प्रवाशामागे वाढीव खर्च २० रुपये. सर्वाधिक नफ्याचं भाडं आणि तिथली लवचिकता काढा. "४० रुपये ठेवलं तर गर्दी वाढून जास्त कमाई होईल," हा मॅनेजरचा सल्ला तपासा.

प्र. ४ (५ गुण) अल्पाधिकारातल्या एका पेढीची मागणीरेषा ५० रुपये किंमत आणि ४० नग या बिंदूवर मोडते. वरचा भाग `P = 70 - 0.5Q`, खालचा `P = 90 - Q`. सीमांत खर्च १४ वरून २४ झाला, तर नवी किंमत किती? आणि ३४ झाला तर?

प्र. ५ (४ गुण) पुणे–नागपूर मार्गावर दोनच ट्रॅव्हल्सवाले आहेत असं धरा. दोघांनी १,४०० रुपये तिकीट ठेवलं, तर प्रत्येकी ९० हजार नफा. दोघांनी १,१०० केलं, तर प्रत्येकी ६० हजार. एकट्याने उतरवलं, तर त्याला १ लाख २० हजार आणि दुसऱ्याला ४० हजार. दोघं एकमेकांशी न बोलता काय ठरवतील? बोलून ठरवलं तर?

उत्तरं आणि खुलासा

१. नगांतला बदल −४०/२०० = −२० टक्के, भावातला २०/९० = २२.२ टक्के, लवचिकता −०.९. मागणी कमी लवचीक, म्हणून गल्ला १७,६०० वरून १८,००० झाला. पण खरी गंमत नफ्यात आहे: ९,९०० वरून ११,७००. गल्ल्यात जेमतेम ४०० वाढले, उरलेले १,४०० न केलेल्या ४० प्लेटींच्या खर्चाचे वाचले. मुलाला रिकामी बाकडी दिसतात, हिशेब दिसत नाही.

२. चूक. सरळ रेषेचा उतार सगळीकडे सारखा असतो, पण लवचिकतेत P/Q हे गुणोत्तरही येतं आणि ते रेषेवरून खाली येताना घटत जातं. दरवर्षी निम्मा वर्ग इथेच घसरतो.

३. सीमांत प्राप्ती `MR = 100 - 4Q`. ती २० बरोबर धरली की Q = २०, म्हणजे रोज २,००० प्रवासी, आणि भाडं ६० रुपये. लवचिकता −०.५ × ६०/२० = −१.५. पडताळा घ्या: (६० − २०)/६० म्हणजे २/३, आणि १/१.५ सुद्धा २/३. हाच लर्नर निर्देशांक, १९३४ सालचा.

आता ४० रुपये. Q = ३०, लवचिकता −०.६७, सीमांत प्राप्ती −२०. गर्दी वाढते हे खरं, पण दर वाढीव प्रवासी एकूण प्राप्ती घटवतो आणि वर २० रुपये खर्चही करायला लावतो. नफा दिवसाला ८०,००० ऐवजी ६०,०००. खर्च शून्याहून जास्त असताना नफा पाहणारा मक्तेदार कमी लवचीक भागात थांबतच नाही. "मक्तेदार म्हणजे हवा तो भाव" असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी डोंगराच्या पायऱ्या विसरू नयेत. ६० जड वाटलं की लोक पायी चढतात, आणि ते मागणीरेषेत धरलेलंच आहे.

४. Q = ४० ला वरच्या भागाची सीमांत प्राप्ती ७० − ४० = ३०, खालच्या भागाची ९० − ८० = १०. या पोकळीत १४ आणि २४ दोन्ही बसतात, म्हणून किंमत ५० च. ३४ मात्र पोकळीबाहेर: `70 - Q = 34`, Q = ३६, किंमत ५२. मोडक्या मागणीरेषेची ही कल्पना पॉल स्वीझी यांनी १९३९ साली मांडली. त्याच वर्षी हॉल आणि हिच यांनीही ती मांडली. किंमत ५० वर का चिकटते ते यातून कळतं, मुळात ५० वर कशी पोचली ते कळत नाही. हे ज्यांनी आपणहून लिहिलं, त्यांना एक गुण जादा.

५. समोरचा काहीही करो, १,१०० च फायद्याचं: १ लाख २० हजार विरुद्ध ९० हजार, किंवा ६० विरुद्ध ४० हजार. म्हणून दोघंही १,१०० वर येतात. चहाच्या टपरीवर बसून १,४०० ठरवलं तर ते कार्टेल होतं, स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ खाली येणारं. शिवाय तो करारही टिकाऊ नाही, कारण दोघांनाही चोरून भाव उतरवायचा मोह कायम राहतो. रोज समोरासमोर धंदा असेल, तर "तू उतरवलंस तर उद्या मीही" या धाकाने तो टिकू शकतो. एवढं लिहिलं तरी पूर्ण गुण.