सूचना : अंतर्गत परीक्षा, बी.एस्सी. द्वितीय वर्ष (तिसरे सत्र)

दिनांक : ४ सप्टेंबर २०२५
अंबाजोगाई

विद्यार्थ्यांनो, अंतर्गत परीक्षा सोमवार, १५ सप्टेंबरपासून आहे. प्रत्येक पेपर २० गुणांचा, वेळ ११ ते १२.

सोमवार, १५ : रसायनशास्त्र
मंगळवार, १६ : वनस्पतिशास्त्र
गुरुवार, १८ : प्राणिशास्त्र
शुक्रवार, १९ : मराठी / हिंदी

बुधवारी, १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पेपर नाही, पण सकाळी ध्वजवंदनाला यायचं आहे. ‘सुट्टी आहे म्हणून गावाकडं गेलो अन् गुरुवारी गाडी हुकली’ हे कारण चालणार नाही.

हजेरी क्रमांक १ ते ४० खोली ७ मध्ये, ४१ ते ७४ खोली ८ मध्ये बसतील. एका बाकावर एकच जण. क्रमांक खडूने बाकावर लिहिलेले असतील, ते पुसून जागा बदलू नका. खोली ८ च्या मागच्या कोपऱ्यात छत गळतं, म्हणून तिथले दोन बाक दाराजवळ आणलेत. ७३ आणि ७४ यांनी तिथे बसावं. ११.१५ नंतर आत घेणार नाही. घाटनांदूर, बर्दापूरकडून येणाऱ्यांनी एक गाडी अगोदरची धरा. ओळखपत्र जवळ हवं, मोबाईल बंद करून दप्तरात आणि दप्तर वर्गाबाहेर.

परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. ३० ऑगस्टपर्यंत आपल्या ८४ तासिका झाल्या, म्हणजे किमान ६३ हव्यात. यादी सोमवारी, ८ तारखेला फलकावर लागेल. राष्ट्रीय सेवा योजना किंवा खेळासाठी गेलेल्यांचे दिवस धरले जातील, पण त्या-त्या सरांच्या सहीचं पत्र ११ तारखेपर्यंत माझ्याकडे द्या. यादीत चूक असेल तर त्याच मुदतीत सांगा. परीक्षेच्या दिवशी दारात उभं राहून हजेरीचा हिशेब मी करणार नाही.

पेपर बुडाला तर तीन दिवसांत पालकांच्या सहीचा अर्ज आणि पुरावा द्यायचा. आजारपण, घरातला मृत्यू, विद्यापीठाच्या स्पर्धा, एवढीच कारणं ग्राह्य. मागच्या सत्रात पाच जणांनी एकाच दवाखान्याची प्रमाणपत्रं आणली होती. पाचही एकाच निळ्या शाईत, आजारही एकच आणि तारीखही. यंदा दवाखान्याची पावती आणि औषधांची चिठ्ठी सोबत लागेल. सोयाबीनची काढणी, घरचं लग्नकार्य यांसाठी फेरपरीक्षा नाही. मात्र ओढ्याला पूर येऊन रस्ताच बंद झाला, तर घाबरून पाण्यात उतरू नका. त्याच दिवशी दुपारपर्यंत मला किंवा कार्यालयात फोन करा, तुमचा पेपर फेरपरीक्षेत होईल, त्याला दाखला लागणार नाही.

फेरपरीक्षा शुक्रवार, २६ सप्टेंबर, सकाळी ११ पासून, खोली ७ मध्ये. प्रश्नपत्रिका वेगळी असेल. तीही हुकली तर त्या पेपरला शून्य गुण जातील. हजेरी कमी असल्यामुळे ज्यांना बसू दिलं नाही, त्यांना ही फेरपरीक्षा लागू नाही. त्यांनी पालकांसह १२ तारखेला दुपारी २ वाजता विभागात भेटावं.

वर्गशिक्षक
बी.एस्सी. द्वितीय वर्ष