रेफर चिठ्ठी : घोणस चावलेला पेशंट, अर्जंट

प्रति,
ड्युटीवरचे सीएमओ / मेडिसिनचे डॉक्टर, ससून रुग्णालय, पुणे
ग्रामीण रुग्णालय, वेल्हे. १८ जुलै, सकाळी ११.०५

सर, मघाशी फोनवर बोललो तोच पेशंट पाठवतोय. पुरुष, वय ४२, शेतकरी, बीपी-शुगर काही नाही, औषधाची ॲलर्जी माहीत नाही. सकाळी ७.१० ला भात लावणी करताना उजव्या घोट्याला घोणस चावली. सापाचा फोटो भावाच्या मोबाईलवर आहे, बघून घ्या, मला तरी शंका वाटत नाही.

८.२५ ला आणला तेव्हा पायाला फडकं करकचून बांधलेलं, वर ब्लेडने दोन चिरे मारलेले आणि तिथनं रक्त थांबतच नव्हतं. हिरड्यांतून पण रक्त, सूज पोटरीच्या अर्ध्यापर्यंत. २० मिनिटांच्या टेस्टला रक्त गोठलं नाही. पापण्या पडत नाहीत, गिळता येतंय, एका श्वासात २८ पर्यंत मोजतो.

८.५५ ला एएसव्हीच्या १० व्हायल २०० एनएसमधून चालू केल्या, मग फडकं हळूहळू सोडलं. ९.१० ला अंगावर गांधी आणि थंडी वाजून आली, लगेच एएसव्ही थांबवून ॲड्रेनलिन ०.५ एमजी मांडीत आयएम, हायड्रोकॉर्ट १०० आणि एविल आयव्ही दिलं, पेशंट सेटल झाल्यावर ९.३५ ला स्लो चालू केलं ते १०.४५ ला पूर्ण झालं, नंतर रिॲक्शन नाही. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल गोळी, डायक्लो मुद्दाम दिलं नाही. टीटी पण राहिलंय, रक्त गोठायला लागलं की द्या.

आत्ता शुद्धीवर, नीट बोलतोय, पल्स १०४, बीपी ११०/७०, श्वास २०, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९८. म्हणजे आत्ता स्टेबल आहे म्हणून प्रवासाची रिस्क घेतोय. हिरड्यांचं रक्त कमी झालंय पण थांबलं नाही.

पाठवायचं खरं कारण लघवी. आल्यापासून फक्त ६० एमएल, तीही काळपट लाल. आमच्याकडे क्रिएटिनिन होत नाही, एफएफपी नाही, डायलिसिस तर नाहीच. किडनीवर गेलंय अशी भीती आहे. गोठण्याची टेस्ट ३ वाजता परत करावी लागेल आणि नाही गोठलं तर पुढचा डोस लागेल, आमच्या स्टॉकमधल्या ४ व्हायल सोबत दिल्यात, तेवढ्याने भागणार नाही.

डाव्या हाताला १८ नंबरची लाईन आहे, एनएस चालू. पाय हलू नये म्हणून स्प्लिंट लावलंय, सुजेच्या कडेला पेनाने वेळ लिहून खूण केलीय. १०८ मध्ये डॉक्टर सोबत आहेत, रिॲक्शन परत आली तर ॲड्रेनलिन भरून दिलंय. बायको आणि भाऊ बरोबर येतायत, दोघांना धोका समजावलाय, सही केस पेपरवर आहे. नसरापूर-कात्रज मार्गे येतायत, एकच्या आसपास पोचतील.

पोचला की एक फोन करा सर.

वैद्यकीय अधिकारी,
ग्रामीण रुग्णालय, वेल्हे