सूचना : शनिवार-रविवार मोफत सामूहिक व्यायाम

सर्व सभासद, भाडेकरू व त्यांच्या कुटुंबीयांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी आणि रविवारी सकाळी 6.30 ते 7.30 या वेळेत क्लब हाऊससमोरच्या मोकळ्या जागेत सामूहिक व्यायाम ठेवला आहे. कोणतेही शुल्क नाही, मेंटेनन्सच्या बिलातही त्याचा खर्च लागणार नाही. सी विंगमध्ये राहणाऱ्या आपल्याच एक फिजिओथेरपिस्ट ताई दोन्ही दिवस विनामोबदला व्यायाम घेणार आहेत. समितीतर्फे त्यांचे मनापासून आभार.

आपल्याकडे संध्याकाळी चालणारे बरेच जण आहेत आणि ते चालणे सोडू नका. मात्र चालण्याने दम वाढतो, तेवढी ताकद वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. हे दुसरे बहुतेकांकडून राहून जाते. पासष्टीपुढच्यांसाठी तर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस सांगितले आहेत, कारण या वयातले पडणे फार महागात पडते. लिफ्ट बंद असली की जिना चढताना मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. यातले बरेचसे सरावाने सुधारते, अगदी सत्तरीतही. म्हणून या दोन दिवसांत भर ताकदीवर आणि तोलावर आहे.

सुरुवातीची दहा मिनिटे अंग मोकळे करण्यासाठी. उशिरा आलात तरी ती चुकवू नका, बाजूला उभे राहून आधी तेवढे करा आणि मग रांगेत या. त्यानंतर खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणे आणि एका पायावर उभे राहणे. उठबस दिसते सोपी, पण नीट करायची तर अशी : खुर्चीच्या पुढच्या कडेशी बसायचे, पावले जराशी मागे घ्यायची, हात छातीवर दुमडायचे, अंग पुढे झुकवून उठायचे आणि बसताना धपकन न बसता मनात तीन मोजत टेकायचे. खरा व्यायाम त्या सावकाश बसण्यात आहे. ज्यांना जमणार नाही त्यांनी खुशाल हाताचा आधार घ्यावा. जोर लावताना श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब चढतो. व्यायाम करता करता बोलता येतेय पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की पुरे.

कधीच व्यायाम केला नाही, गुडघे दुखतात, वजन जास्त आहे, म्हणून संकोचणाऱ्यांसाठीच खरे तर हा खटाटोप आहे. प्रत्येक प्रकार बसूनही करता येईल अशा बेताने ठरवला आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि त्या दिवशी ताईंना बाजूला घेऊन तसे सांगावे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप आवरेना तर तिथेच थांबून लगेच सांगा, भिडेखातर रेटू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकतील, ते स्वाभाविक आहे आणि दोन-तीन दिवसांत उतरते.

येताना पाण्याची बाटली, सतरंजी किंवा मॅट आणि पायात बूट असावेत, चपला नकोत. खुर्च्या क्लब हाऊसमधल्या वापरू. दहा वर्षांवरील मुलांचे स्वागत आहे, सोबत घरातले कोणीतरी मोठे हवे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, सुरक्षारक्षक, माळीकाका यांनाही आवर्जून सांगा. वेळ जमत असेल तर त्यांनीही जरूर यावे.

पाऊस असल्यास ए विंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये जमू. तेथील 1 ते 8 क्रमांकांच्या जागांवरील गाड्या शुक्रवारी रात्रीच पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावून सहकार्य करावे, ही विनंती. रात्रपाळी करून झोपणारे आणि लहान बाळे असलेली घरे लक्षात घेऊन स्पीकर लावला जाणार नाही, मोजणी तोंडीच होईल. परवानगीवाचून कोणाचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत.

खुर्च्यांचा अंदाज यावा म्हणून शुक्रवारी रात्री 9 पर्यंत गेटवरील केबिनमधल्या वहीत नाव व फ्लॅट क्रमांक लिहावा. नाव द्यायचे राहिले तरी थेट या. दोन्ही दिवस जमत नसेल तर एक दिवस या. प्रतिसाद पाहून दर आठवड्याला हा उपक्रम चालू ठेवण्याचा समितीचा विचार आहे, तेव्हा सोयीची वेळ कोणती तेही वहीत लिहा.

आपला,
सचिव
व्यवस्थापन समितीकरिता