सुट्टीत ये

मराठीत ‘मी विसरले’ म्हणता येतं, पण ‘मी आठवले’ म्हटलं की अर्थ फिरतो. मग मी दुसऱ्या कुणाला तरी आठवलेली असते. स्वतःबद्दल बोलायचं तर ‘मला आठवलं’ एवढंच. विसरले तर दोष माझा, आणि आठवायचं ते मात्र त्याच्या मर्जीनं येणार. हरिपूरच्या सुट्ट्या लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर हे ध्यानात आलं, कारण जे लिहायचं होतं ते येत नव्हतं आणि भलतंच येत होतं.

आधी आला तो मिलो. रेशनवरचा लालसर मिलो आणि त्याची कडा तुटणारी भाकरी. साल आठवत नव्हतं, भाकरी आठवत होती. साल मग भाकरीवरून काढलं: दुष्काळाचा उन्हाळा, म्हणजे १९७३. मी तिसरीतून चौथीत गेले होते.

एक मेला निकाल लागायचा आणि दोन मेला सकाळी सातारा स्टँडवर आई, मी आणि धाकटा भाऊ. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा. ही नावं आठवावी लागत नाहीत, ती पाठ आहेत. पाढ्यांसारखी, मध्येच कुणी झोपेतून उठवलं तरी पुढचं गाव तोंडात येईल. सांगलीचा आयर्विन पूल आला की चाकांचा आवाज बदलायचा आणि आई डोक्यावरचा पदर सारखा करायची. माहेर आलं. हा पूल झाला १९२९ साली. आजोबा तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचे. पुलावरून जाताना ते दर वेळी खाली बघून म्हणायचे, “त्याआधी इथनं नावेनं जायचो, ध्यानात हाय मला.” ते ‘आठवतंय’ म्हणत नसत. ध्यानात आहे म्हणजे गेलेलंच नाही, मग परत यायचा प्रश्न कुठला.

सांगलीहून हरिपूरला टांगा. रस्त्याला चिंचेची झाडं, आणि सावली-ऊन-सावली अशी भावाच्या तोंडावरून सरकत जायची. हे मला खरंच दिसतं. टांगेवाल्याचा चेहरा मात्र दिसत नाही, कितीही आठवून पाहिलं तरी.

दारात आजी भाकरतुकडा घेऊन उभी असायची. ओवाळून टाकायच्या आधी भावाची हनुवटी धरून विचारायची, “वळखलंस का मला?” तो आईच्या निऱ्यांमागे. “आता नाय वळखत, जाताना सोडायचा नाय,” असं म्हणायची, आणि ते खरं व्हायचं. महिन्याभरानं निघताना तोच तिच्या मांडीवरून उतरत नसे. मोठेपणी कळलं की आजी बरोबर शब्द वापरत होती. ओळखायला माणूस समोर लागतं. आठवायला ते समोर नसावं लागतं. वर्षभर आम्ही तिला आठवायचो, एक दिवस ती आम्हांला ओळखायची, आणि मग महिनाभर दोन्हींतलं काहीच करायची गरज नसे.

त्या घरात प्रत्येकाचा आठवणीचा शब्द वेगळा होता. आजीला उचकी लागली की ती माहेरची नावं घ्यायची, ज्या नावाला थांबेल त्यानं आठवण काढली म्हणायचं. आईची उचकी नेहमी ‘आजी’ या नावाला थांबायची असं ती साताऱ्यात सांगे, आणि मला ते शंभर टक्के पटे. जात्यावर बसली की आजीच्या तोंडी ‘सय’ यायची. सय येते ती पोटात येते, तिच्यात ओढ आहे, नुसती माहिती नाही. देवाचं आणि गेलेल्यांचं मात्र स्मरण. संध्याकाळी संगमेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर, समोर कृष्णेला वारणा मिळतेय, आणि आजी डोळे मिटून स्मरण करतेय. तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही. आजोबांचा शब्द होता ‘याद’, आणि तो फक्त धाक दाखवायला. “पेवाकडं फिरकलात तर याद राखा.”

पेव काय ते आजच्या मुलांना सांगावं लागेल. जमिनीत खणलेली कोठी, तोंड एका माणसापुरतं, आत रांजणासारखी फुगत गेलेली, वीस-पंचवीस फूट खोल. हरिपूरची माती त्याला मानवणारी. भिंतीला गवत-पाचट लावायचं, हळद भरायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. आत हवा राहत नाही म्हणून कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं तशीच टिकते. पण हवा माणसालाही लागतेच. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. पेटता राहिला तरच माणूस आत. आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते, मालकाची पेवं आमच्या आजोळच्या परड्यामागेच होती, आणि दुष्काळाच्या त्या वर्षी त्यांतलं एक उघडलं.

मी पन्नास वर्षं सांगत आले आहे की मी तिथं उभी होते. कंदील खाली जाताना पेवाच्या भिंती पिवळ्या उजळल्या, मग ज्योत आखडली, निळी झाली, आणि विझली. कुणी तरी म्हणालं, “वर वढा.” ओढलेला कंदील अजून गरम होता आणि हळदीचा कोंदट, मातकट वास एकदम तोंडावर आला. हे मी मैत्रिणींना सांगितलं, मुलांना सांगितलं, वर्गात विज्ञानाच्या तासाला सांगितलं. शिक्षिका म्हणून मला त्याहून चांगलं उदाहरण कधी मिळालं नाही.

गेल्या मार्गशीर्षात भाऊ आणि मी हरिपूरला गेलो. वाटेत मी कंदिलाची गोष्ट काढली तर तो म्हणाला, “ताई, तू कुठं होतीस तिथं? तुला गोवर निघाला होता. मी येऊन तुला सांगितलं.”

मी भांडले. मला आठवतं, मी म्हणाले. तो म्हणाला, तुला मी सांगितलेलं आठवतं. पुढं हरिपूर येईपर्यंत आम्ही दोघं गप्प. तो मुद्दाम खोडा घालणारा नाही, मला माहीत आहे. आणि तरी ज्योत निळी झालेली मला दिसत होती.

परड्यामागे आता पेव नाही. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि पुष्कळ पेवं कामातून गेली. हळद आता गोदामांत, शीतगृहांत जाते. भावानं विहिरीपासून पावलं मोजली, एका खड्डेवजा जागी थांबला, “ही जागा.” मला ओळखू येईना. काहीच खूण पटेना. जिथं मी उभी होते असं छातीठोक सांगत होते ती जमीन मला परकी होती. वाईट वाटलं. नुसतं नाही, फार वाटलं.

घरात मामी एकट्या खाटेवर बसलेल्या. १९७३ साली त्या या घरात नव्यानंच आलेल्या सून, आमच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, आमच्या वेण्या घालायच्या, आमच्याबरोबर नदीवर यायच्या. आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. मामेभावाच्या बायकोनं आधीच बजावलं होतं, “त्यांना ‘वळखलं का’ असं विचारू नका, घाबऱ्या होतात.” म्हणून मी विचारलं नाही. नमस्कार केला, शेजारी बसले. मामी म्हणाल्या, “बसा. च्या घेणार?”

भावानं हळूच पेवाचा विषय काढला. वाटलं होतं त्या गप्प राहतील. पण त्या लगेच बोलायला लागल्या, अगदी कालचं सांगावं तशा. “दुष्काळात उघडलं होतं न्हवं. सगळी पोरं तिकडं पळाली. मी न्हाई गेली. वन्संची पोरगी तापानं फणफणली होती, गोवर आलता. तिच्यापाशी कुणी तरी बसाय पायजे. उशाला लिंबाचा पाला घातला होता. कुशीवर वळली की खुसखुस वाजायचा, तर ती म्हणायची, मामी, उंदीर हाय. सारखं आपलं, मामी, उंदीर हाय.”

आणि तेव्हा मला आठवलं. ते सांगितलेलं नव्हतं, कारण आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. कानाखाली तो पाला वाजला. उशीच्या अभ्र्यातून येणारा कडू वास आला. अंगाखाली घोंगडं, खिडकीला लावलेलं लुगडं, त्यातून येणारा तांबडा उजेड, कपाळावर काचेच्या बांगड्यांचा थंडावा, आणि लांबून परड्यातला गलका, आणि मला तिकडं जायचं होतं म्हणून घशात आलेला हुंदका. कंदील मी पाहिला नव्हता. भाऊ धावत आला होता, घामेजलेला, हाताला हळद लागलेली, आणि त्यानं तो कंदील माझ्या खाटेपाशी विझवला होता, हातवारे करून.

मी भावाकडं पाहिलं. तो खाली बघत होता, डोळे भरलेले. माझं म्हणणं खोटं ठरल्याचा त्याला आनंद झाला नव्हता.

मामी अजून बोलतच होत्या. त्या पोरीला नदीवर न्यायचं कबूल केलं होतं. ताप उतरेपर्यंत सुट्टी संपली, आणि ती तशीच गेली. साताऱ्याला. जाताना रडली पण नाही, नुसती टांग्यातून मागं बघत राहिली. “लई दिस मला तिची सय यायची,” मामी म्हणाल्या. पन्नास वर्षांत आजीचा तो शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकला नव्हता.

मी त्यांना आठवत होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. माझा हात त्यांच्या हातात होता, आणि त्या तो पाव्हणीचा हात धरावा तशा अदबीनं धरून होत्या.

“तुमी साताऱ्याच्याच का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग तिला वळखत असाल.”

“ओळखते, मामी.”

त्यांनी माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं. “मग तिला सांगा,” त्या म्हणाल्या, “नदी हाय तिथंच हाय. म्हणावं, सुट्टीत ये.”