पाचच पुस्तकं द्या, पण निवडून

नमस्कार मंडळी. दूध अजून आटतंय. सेक्रेटरींनी मला बजावलंय, पातेल्यावर साय धरेपर्यंत बोला, त्यानंतर गच्चीवर कोणी कोणाचं ऐकत नाही. म्हणजे माझ्याकडे दहाएक मिनिटं आहेत.

बऱ्याच जणांना मी सी-201 च्या काकू म्हणून माहीत आहे, कुंड्यांचं पाणी खाली ठिबकतं त्या. पण मी छत्तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. म्हणून सप्टेंबरच्या वार्षिक सभेत वाचनालयाचा ठराव झाला तेव्हा सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. ठराव काय आहे ते जे सभेला आले नव्हते, म्हणजे नेहमीप्रमाणे निम्मी सोसायटी, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑफिसच्या मागच्या खोलीत गणपतीचं मखर, तीन मोडक्या सायकली आणि कोणाचा तरी पाळणा पडून होता. ती खोली आता रिकामी झाली आहे, चुना लागला आहे, ट्यूबलाइट बसली आहे. ए विंगमधून दोन लोखंडी कपाटं मिळाली. सोसायटीच्या फंडातून एक रुपया लागलेला नाही. फक्त कपाटांत काही नाही.

आता ही वस्तू बघा. मागे बसलेल्यांना दिसतेय ना? दोन्ही हातांनी धरावी लागते इतकी जड आहे. हा मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश. 1857 मध्ये त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली, तिचं हे पुनर्मुद्रण. मागच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन खाली गेले, तर गेटपाशी रद्दीवाल्याच्या तराजूत हा बसलेला. खाली मिक्सरचं खोकं, वर एक जुनी डिरेक्टरी, मध्ये हा. मी म्हटलं, दादा, हे मला द्या. त्यानं वेगळा काटा केला आणि तीस रुपये घेतले. वजनाच्या भावापेक्षा जास्तच घेतले, पण माझा चेहरा बघून त्यानं ओळखलं असणार.

घरी आणून उघडला तर पानापानावर पेन्सिलीच्या बारीक टिकल्या. मला वाटलं, कोणी अभ्यासू माणूस असणार. मग नीट पाहिलं, टिकल्या सगळ्या शिव्यांपुढे! साहेबानं आपल्या शिव्यासुद्धा इमानानं टिपल्या आहेत, आणि आपल्याच सोसायटीतल्या कोणीतरी शाळकरी वयात बसून त्या एकेक शोधून काढल्या आहेत. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल आणि बहुतेक या गच्चीवरच बसलाय. हसू नका, मी नाव विचारणार नाही. कोश परतही देणार नाही.

तर माझी मागणी. आपले चौऱ्याऐंशी फ्लॅट आहेत. प्रत्येक घरानं पाच पुस्तकं द्यावीत. पाचच. कोणी म्हणेल, आमच्याकडे दोन पोती आहेत माळ्यावर, सगळी घेऊन जा. नको. दोन कपाटांत चारशे पुस्तकं कशीबशी मावतात, हा हिशोब मी पट्टी घेऊन केलाय. पण खरं कारण वेगळं आहे. दोन पोती देणारा माणूस जागा रिकामी करत असतो. पाचच द्यायची म्हटली की कपाटापुढे उभं राहावं लागतं, एक काढून परत ठेवावं लागतं, हे देऊ की नको असं होतं. ते ज्याच्या बाबतीत होईल ते पुस्तक मला हवंय. जे देताना थोडं जिवावर येतं ते.

काय नको तेही सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी रागावायला नको. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं नकोत. कंपन्यांचे वार्षिक अहवाल नकोत. लग्नात आहेर म्हणून आलेलं, प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं पुस्तक नको, ते तुम्हीच वाचलं नाहीत तर दुसरा का वाचेल? आणि कसर लागलेलं तर अजिबात नको. पान उलटल्यावर भुसा पडला, किंवा चंदेरी किडा सुळकन शिवणीत शिरला, तर ते पुस्तक माझ्याकडे आणू नका. एक आजारी पुस्तक दोन पावसाळ्यांत अख्खं कपाट खातं. ठाण्याची हवा तुम्हाला माहीत आहे, जुलैत चपलांना बुरशी येते तिथे कागदाची काय कथा. पान सुटलं असेल, पुठ्ठा निघाला असेल, तर मात्र चालेल. खळ आणि जाड दोरा माझ्याकडे आहे, हातही अजून थरथरत नाहीत.

भाषेचं बंधन नाही. डी विंगमधल्या तमिळ आजींनी मला कालच विचारलं, माझी पुस्तकं कोण वाचणार? मी म्हटलं, आजी, आणा तर खरी. एस. आर. रंगनाथन म्हणून तुमच्याच मद्रासचे गणिताचे प्राध्यापक होते, 1924 मध्ये तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला एक असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आमच्या शिक्षणात हे पाठ करून घ्यायचे. पहिला नियम त्याहून साधा: पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. आणि मी नोकरीला लागले तिथे काय होतं? काचेची कपाटं, कपाटांना कुलपं, चावी साहेबांच्या खिशात. मुलं काचेला नाक लावून पुठ्ठ्यांवरची नावं वाचायची. पहिली दोन वर्षं मी पुस्तकं देण्यापेक्षा पुसायचं काम जास्त केलं. आपल्या कपाटांना म्हणून मी कुलपं बसवू दिलेली नाहीत. खोलीला एक आहे, तेवढं पुरे.

यावरून कमिटीत थोडी वादावादी झाली, ती लपवत नाही. एक मुद्दा होता चोरीचा. मी म्हटलं, पुस्तक चोरून नेऊन वाचणारा माणूस सोसायटीत निघाला तर मी त्याला पेढे देईन. दुसरा मुद्दा जरा अवघड होता: वाचनालय फक्त सभासदांचं की इथे काम करणाऱ्यांचंही? आपले रात्रीचे वॉचमन जौनपूरचे आहेत. भजी बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचतात, मी पाहिलंय. आमच्याकडे येणाऱ्या मावशींची मुलगी बारावीला आहे आणि तिला घरी बसायला कोपरा नाही. मी सांगितलं, ही दोघं वहीत सही करून पुस्तक नेणार असतील तरच मी हे काम करीन. एका मतानं पास झालं. ज्यांनी विरोधात हात वर केला ते माझे चांगले शेजारी आहेत आणि त्यांची पाच पुस्तकं सगळ्यात आधी आली, हेही सांगायला हवं. तेव्हा हिंदी पुस्तकं आवर्जून द्या. बारावीची, सीईटीची चालू अभ्यासक्रमाची पुस्तकं असतील तर ती पाचात धरणार नाही.

पाचात न धरण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे दिवाळी अंक. 1909 साली ‘मनोरंजन’नं पहिला काढला तेव्हापासून आपण ही चैन करतोय, आणि अंकांच्या किमती आता अशा आहेत की एका घरात दोनाच्या वर परवडत नाहीत. पण घेण्याआधी खालच्या फळ्यावर नाव लिहिलंत की आम्ही अमुक घेतोय, तर तोच अंक चार घरांत येणार नाही. वाचून झाला की तुळशीच्या लग्नापर्यंत खोलीत आणून ठेवा. वीस घरांनी एवढं केलं तर प्रत्येकाला चाळीस अंक वाचायला मिळतील. फराळाचे डाग पडले तरी हरकत नाही, माझ्या अंकांवर चकलीच्या तेलाचे नकाशे असतात.

मोबाइलवर मी काही बोलणार नाही. तशी अपेक्षा असेल तर माफ करा. मी स्वतः भाजी निवडताना कानात बोंडं घालून गोष्टी ऐकते.

आपण ठाण्यात राहतो. 1893 साली याच गावात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या मित्रांनी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. भावे तेव्हा नुकते विशी ओलांडलेले होते. ते आजही चालू आहे, रिक्षानं वीस मिनिटं. मग ही खोली कशाला, असं मला एकांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. पण ज्या आजोबांना गुडघ्यामुळे गेटबाहेर जाता येत नाही, त्यांना वीस मिनिटं म्हणजे परगाव. आणि सात वर्षांच्या मुलाला एकट्याला रिक्षात कोण बसवेल? लिफ्टनं खाली उतरून, चप्पल न घालता जाता येईल असं काहीतरी हवं. आपली सहल महाबळेश्वरला गेली तेव्हा वाटेत भिलारला थांबलो होतो, आठवतंय? स्ट्रॉबेरीसाठी थांबलो आणि लोकांच्या ओसरीवर पुस्तकं वाचत बसलो. 2017 पासून तिथल्या माणसांनी आपल्या राहत्या घरात, येईल त्याच्यासाठी कपाटं उघडी ठेवली आहेत. बस सुटायची वेळ झाली तरी आपली तीन पोरं उठायला तयार नव्हती. एकाला तर त्याच्या वडिलांनी उचलून आणलं.

आता व्यवहार. येत्या दोन्ही रविवारी सकाळी दहा ते एक, मी ए विंगच्या लॉबीत टेबल मांडून बसते. ज्यांना जिने किंवा ओझं जमत नाही त्यांनी इंटरकॉमवर सांगावं, मुलं बाजाराची ट्रॉली घेऊन दारात येतील. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर आपलं नाव आणि फ्लॅट नंबर घाला, आणि जमलं तर एक ओळ, हे पुस्तक कधी, कुठे वाचलं त्याची. विद्वत्तेचं काही नको. ‘मुलगी पोटात असताना वाचलं’ एवढं चालेल. पुस्तक नेणारा माणूस मग कधीतरी लिफ्टमध्ये तुमच्याशी बोलेल, आणि पार्किंगवरून नाही बोलणार.

अनामत नाही, दंड नाही. एका वेळी एक पुस्तक, पंधरा दिवस. वसुबारसेला संध्याकाळी सात वाजता खोली उघडायची. नारळ फोडायला चेअरमन, रिबीन कापायला कोणी नाही, रिबीन आणलेलीच नाही.

रजिस्टर मी आज सोबत आणलंय. पहिल्या ओळीवर दाखल क्रमांक एक: मोल्सवर्थ, किंमत तीस रुपये, देणगीदार रद्दीवाले. टिकल्या मी खोडलेल्या नाहीत. क्रमांक दोन ते सहा त्या विरोधी मतवाल्या शेजाऱ्यांचे. सातची ओळ कोरी आहे आणि पेन या पिशवीत आहे.

साय धरली वाटतं. ते बघा, सेक्रेटरी हात करताहेत. सी-201, बेल बिघडलीय, कडी वाजवा.