जत्रेच्या पोस्टरचा गेलेला ड्राफ्ट

दादा, मोबाईल रिसेट झाला आणि पोस्टरची फाईल गेली. तुमच्याकडेही प्रत नाही म्हणालात, म्हणून आठवतंय तसं लिहून पाठवते.

साईज ए-थ्री, उभं. पार्श्वभूमी अबोलीच्या रंगाची, खाली जाताना गडद होत शेंदरी. वर मधोमध देवळाची कौलारू बाजू आणि दीपमाळ, फक्त रेषांत.

जीव होता तो डाव्या अर्ध्या भागात: काळ्या कपड्यातला संकासुर, एक पाय उचललेला, आणि त्याचा हात चौकटीच्या बाहेर गेलेला. तो हात कापू नका, त्यामुळेच चित्र हलतंय असं वाटायचं.

उजवीकडे मजकूर, तीन ओळी:
‘सालाबादप्रमाणे यंदाही
ग्रामदेवतेचा जत्रोत्सव
त्रिपुरारी पौर्णिमा’

‘जत्रोत्सव’ बालू फॉन्टमध्ये, पांढरा, सगळ्यात मोठा. बाकी मुक्ता. मागच्या वेळी ‘त्रि’ची वेलांटी वरच्या ओळीला चिकटली होती, म्हणून ओळींत अंतर जास्त ठेवलं होतं.

तळाला गडद निळी पट्टी, समुद्रासारखी. त्यावर पिवळ्यात: ‘सकाळपासून ओटी भरणे. रात्री पालखी प्रदक्षिणा, नंतर दशावतारी नाटक. चाकरमान्यांनी सहकुटुंब यावे, ही विनंती.’ ‘यावे’च ठेवा, ‘उपस्थित राहावे’ नको. आपल्याच माणसांना बोलावतोय आपण.

देणगीदारांची नावं पोस्टरवर नव्हती, ती वेगळ्या कागदावर देते. उद्या संध्याकाळपर्यंत कच्चं पाठवाल का? छपाईला परवा द्यायचंय.