भेव वाटायलंय? आम्हालाबी वाटलं होतं! या, रक्तदान शिबिर औशात आहे

रविवार, 14 जून 2026
सकाळी 8 ते दुपारी 2
जिल्हा परिषद प्रशाला, औसा. मोठ्या लिंबाखालच्या दोन वर्गखोल्या.
लातूरहून येणाऱ्यांनी टी पॉइंटला उतरावं, तिथून रिक्षा मिळते. गाडी शाळेच्या मैदानात लावा, रस्त्यावर नको.
नावनोंदणी जागेवरच. आधी फोन करायची गरज नाही, चिठ्ठी नाही, वशिला नाही. आधार कार्ड किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र तेवढं खिशात ठेवा.

पत्रकावर जागा कमी होती, म्हणून बाकीचं इथं लिहितोय. लांब झालंय खरं, पण पहिल्यांदा रक्त देणाऱ्यांच्या मनात जेवढे प्रश्न असतात तेवढ्यांची उत्तरं द्यायची ठरवली, त्याला काय करणार!

14 जूनच का? जगभर हा रक्तदाता दिन म्हणून पाळतात. रक्तगट शोधून काढणारे कार्ल लँडस्टायनर याच दिवशी, 1868 साली जन्मले. हे झालं कागदावरचं कारण. आमचं खरं कारण वेगळं आहे. एप्रिल-मे हे रक्तपेढीचे दुष्काळाचे महिने. कॉलेजं बंद, पोरं गावाकडं, वर ऊन असं की शिबिर घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. अपघात मात्र उन्हाळ्याची सुट्टी घेत नाहीत, बाळंतपणं तर नाहीतच. जूनमध्ये फ्रीज रिकामा असतो आणि आपण पेरणीच्या नादात असतो.

गेल्या वर्षी आमच्याच गल्लीतली एक लेक बाळंतपणात अडली. रात्री दीडला फोन सुरू झाले, ‘बी निगेटिव्ह कुणाचं हाय का’. सगळ्या ग्रुपवर तोच मेसेज. तिघं जण मोटरसायकलवर लातूरला धावले. तिथं गेल्यावर कळलं, हातातून काढलं आणि लगेच तिच्या हाताला लावलं असं होत नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरियाची तपासणी होते, मग गट जुळवून पाहतात, त्याला तास जातात. त्या रात्री जीव वाचला तो कुणीतरी अनोळखी माणसानं काही दिवस आधी देऊन ठेवलेल्या पिशवीमुळं. आमच्या तिघांच्या पिशव्या पुढं दुसऱ्याच कुणाच्या कामी आल्या असणार. तेव्हापासून डोक्यात एकच बसलंय : रक्त आधीच फ्रीजमध्ये पाहिजे.

आणि ते साठवून कायमचं ठेवताही येत नाही. तांबड्या पेशी 42 दिवसांपर्यंत टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. म्हणजे मागच्या दिवाळीत शंभर पिशव्या जमवल्या म्हणून आज उपयोग नाही. थॅलेसेमियाच्या लेकरांना तर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, सण असो की सुगी.

कोण देऊ शकतं?
वय 18 ते 65. मात्र आयुष्यात पहिल्यांदाच देणार असाल तर साठीच्या आत. वजन किमान 45 किलो. हिमोग्लोबिन 12.5 च्या वर. 45 किलोच्या पुढच्यांचं 350 मिली घेतात, वजन 55 च्या वर असेल तर 450 मिली घेता येतं. मागच्या वेळी दिलं असेल तर पुरुषांनी 90 दिवस, बायांनी 120 दिवस झाले की पुन्हा यावं.

बीपीची गोळी चालू आहे म्हणून लगेच घरी बसू नका. बीपी आटोक्यात असेल आणि गेल्या महिनाभरात गोळी बदललेली नसेल तर डॉक्टर बघून ठरवतील. शुगरच्या गोळीचंही तसंच. इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र देता येत नाही.

कुणी थांबावं?
वर्षभरात टॅटू काढलाय, कान-नाक टोचलंय, मोठं ऑपरेशन झालंय, टायफॉइड झाला होता किंवा कुत्रं चावून इंजेक्शनं घेतलीत, तर या वेळी नको, वर्ष पुरं होऊ द्या. मलेरिया बरा होऊन तीन महिने, डेंग्यू होऊन सहा महिने जाऊ द्या. दाढ काढली असेल तरी सहा महिने. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताईंनी, बाळंतपणाला वर्ष न झालेल्यांनी, पाळी चालू असणाऱ्यांनी या खेपेला येऊ नये. सर्दी, ताप, अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर तेही दाराशीच सांगा. कावीळ कधी झाली होती, कुठली झाली होती, हे डॉक्टरांना सांगायचंच.

एक गोष्ट आवाज चढवून सांगतो. फॉर्मवर खरं लिहा. मित्रांसोबत आलोय, आता मागं कसं हटायचं, असल्या लाजेपायी काही लपवू नका. संसर्ग अगदी ताजा असेल तर तो तपासणीतही सापडत नाही, आणि ते रक्त कुण्या लेकराला जाणार असतं. डॉक्टर प्रश्न एकेकट्याला, पडद्याआड विचारतात. नको वाटलं तर तिथूनच परत जा, बाहेर कुणी कारण विचारणार नाही. आम्ही तशी पोरांना ताकीदच दिलीय.

आता पहिल्यांदा येणाऱ्यांशी थोडं निवांत बोलू.

सुई दुखते का? दुखते. ‘काहीच कळत नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सलाईनच्या सुईपेक्षा ही थोडी जाड असते. टोचताना दोन क्षण कळतं, बाभळीचा काटा पायात मोडला तर याहून जास्त दुखतं. त्यानंतर पाच-दहा मिनिटं पडून राहायचं, हातातला चेंडू दाबत. नाव लिहिण्यापासून चहापर्यंत पाऊण तासात सगळं उरकतं. सुई, पिशवी सगळं नवं, तुमच्यासमोर फोडलेलं, एकदा वापरलं की फेकून देतात. तुम्हाला कुठला आजार लागायचा प्रश्नच येत नाही.

‘रक्त दिल्यावर अशक्तपणा येतो, पेरणीत काम कसं करू?’ हे आम्हाला सगळ्यात जास्त विचारलं गेलं. अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं पाव-अर्ध्या लिटरच्या आसपास जातं. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं. तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात, म्हणून तर पुढच्या वेळेला 90 आणि 120 दिवसांचं अंतर आहे. रविवारचा दिवस आराम केला तर सोमवारी तिफणीमागं चालायला हरकत नाही. पण त्याच दिवशी पोती उचलणं, विहिरीत उतरणं, बोअरची मोटार ओढून काढणं, उंचावर चढणं नको. चोवीस तास तेवढं सांभाळा. ज्यांची पेरणी अगदी तोंडावर आलीय आणि घरात दुसरा माणूसच नाही, त्यांनी खुशाल पुढच्या शिबिराला यावं. जबरदस्तीचं रक्त आम्हाला नको.

चक्कर? काहींना येते, पहिल्या वेळी थोडी जास्त. बहुतेकदा उपाशी पोटी आल्यानं, पाणी कमी प्यायल्यानं किंवा नुसत्या भेवानं. पाय वर करून पडलं की पाच मिनिटांत माणूस हसायला लागतो. आमच्यातला एक पैलवान गडी, तालमीत जोर मारणारा, सुई बघूनच पांढरा पडला होता. आज त्याचं सातवं रक्तदान आहे आणि अजूनही तो सुईकडं बघत नाही, तोंड भिंतीकडं करतो. तुम्हीही करा. पिशवीकडं बघायचं कुणावर बंधन नाही.

तर, शनिवारी रात्री नीट झोपा. रविवार आहे म्हणून आदल्या रात्री ‘बसायचं’ असेल तर मग आमच्याकडं येऊ नका, डॉक्टर परतच पाठवतील. रात्रपाळी करून थेट येणाऱ्यांचंही तेच. सकाळी पोटभर नाश्ता करून या, उपवास असेल तर दुसऱ्या दिवशीचं बघा. निघताना आणि इथं आल्यावर मिळून अर्धा लिटर तरी पाणी प्या. बाह्या वर होतील असे कपडे घाला. एकटं यायला नको वाटत असेल तर दोस्ताला, बहिणीला सोबत आणा, बाजूला बसू देतो.

नाश्ता चुकलाच तर आमच्याकडं सुशीला आहे, गरम. रक्त दिल्यावर केळी, बिस्किट, सरबत, आणि दहा-पंधरा मिनिटं आमच्याशी गप्पा मारत बसणं सक्तीचं. लगेच गाडीला किक मारून पळू देणार नाही. पट्टी चार-पाच तास राहू द्या. तंबाखू, बिडी दोन-तीन तास लांब ठेवा (कायमची सुटली तर आमची हरकत नाही).

मिक्सर, हेल्मेट, बॅग असलं काही ठेवलेलं नाही. विचारणा झाली, म्हणून सांगितलं. वस्तूसाठी आलेला माणूस फॉर्मवर खोटं लिहितो, हा एवढा धोका आम्हाला पटत नाही. प्रमाणपत्र आणि रक्तगट लिहिलेलं कार्ड मिळेल.

‘आम्ही फुकट देतो आणि पुढं पैसे घेतात’ ही तक्रारही कानावर येते. रक्त विकायला कायद्यानं बंदी आहे, पैसे घेऊन रक्त देणारे 1 जानेवारी 1998 पासून बंद झाले. पिशवी, तपासण्या, पेशी वेगळ्या करणं, थंड ठेवणं याचा खर्च म्हणून शुल्क लागतं. या शिबिरातलं रक्त लातूरच्या शासकीय रक्तपेढीत जाणार आहे, त्यांचेच डॉक्टर आणि सिस्टर येणार आहेत. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे करून तीन जणांनाही देता येतं.

ताई, वहिनी, मावशी, तुमच्यासाठी वेगळी खोली आहे, आत बायाच असतील. बोटाच्या थेंबात हिमोग्लोबिन कमी निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडं बऱ्याच जणींचं निघतं. तो आकडा कागदावर लिहून घ्या आणि सरकारी दवाखान्यात दाखवा, लोहाच्या गोळ्या मिळतात. रक्त न देताही तुमची फेरी फुकट गेली नाही.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे, धोंड्याचा महिना संपत आलाय. धोंडे खायला सासरी आलेल्या जावईबापूंनाही आमंत्रण! ताटाखाली ठेवलेलं वाण सासऱ्यानं दिलं, रक्तदानाचं कार्ड आम्ही देऊ. ‘सोमवारी अमावस्या, आदल्या दिवशी रक्त कसं द्यायचं’ असं एका आजोबांनी विचारलं. आजोबा, अमावस्येच्या रात्री अपघात झाला तर दवाखाना बंद असतो का? ते हसले, आणि नातवाला पाठवतो म्हणाले.

याच तालुक्यातल्या किल्लारीनं 30 सप्टेंबर 1993 ची पहाट पाहिलीय. तेव्हा कुठून कुठून माणसं आपल्यासाठी धावून आली, हे घरातल्या मोठ्यांना विचारा.

दुपारी दीडनंतर नवीन नाव घेणार नाही, टीमला परत जायचंय. ऊन चढायच्या आत, आठ ते दहाच्या दरम्यान आलात तर गर्दीही कमी आणि सुशीलाही गरम.

– आपल्याच गल्लीतली पोरं-पोरी, औसा